टॉन्सिलनंतर पुन्हा चढलेला ताप आणि मानेतली शीर

प्रश्न: भाऊ १९ वर्षांचा आहे, आम्ही खानापूर तालुक्यातले. टॉन्सिल सुजून ताप आला होता, तीन गोळ्यांच्या कोर्सनं घसा बरा झाला. आता आठवड्यानं पुन्हा १०३ ताप, थंडी वाजते, मान एका बाजूनं दुखते. प्लेटलेट कमी आल्या म्हणून डेंग्यू असेल म्हणतात. घरीच थांबून वाट पाहावी का?

उत्तर:

थांबू नका. आजच्या आज बेळगावला, जिथं सीटी स्कॅन आणि रक्ताचं कल्चर दोन्ही होतं अशा मोठ्या दवाखान्यात न्या. धाप लागत असेल, श्वास घेताना छातीत टोचत असेल, बडबडत असेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर गाडीची सोय बघत बसू नका, १०८ ला फोन करा.

डेंग्यू असेलही. पावसाळ्यात आमच्याकडं तापाचे दहा पेशंट आले तर पहिला संशय त्याचाच असतो. पण बरा होत आलेला घसा, हुडहुडी भरून आलेला ताप आणि मानेची एकच बाजू दुखणं हे तिन्ही एका तरुण पोराला एकदम झालं, की मी दुसऱ्या एका आजाराचा विचार आधी करतो. त्याचं नाव लेमिएर सिंड्रोम. आंद्रे लेमिएर या फ्रेंच डॉक्टरांनी १९३६ मध्ये अशा २० रुग्णांचं वर्णन केलं, त्यातले १८ दगावले होते. तेव्हा अँटिबायोटिक नव्हती. आज वेळेवर उपचार झाले तर बहुतेक जण बरे होतात. आजार दुर्मिळ आहे, दहा लाखांत वर्षाला मोजक्याच लोकांना होतो, आणि तो गाठतो तो बहुतेक वेळा धडधाकट तरुणांना.

होतं असं. घशात फ्युजोबॅक्टेरियम नावाचा जंतू असतो, हवा नसलेल्या जागी वाढणारा. टॉन्सिल सुजले की तो तिथल्या बारीक शिरांतून किंवा आजूबाजूच्या मांसातून आत उतरतो. टॉन्सिलच्या मागं, मानेच्या आतल्या भागात, डोक्यातलं रक्त खाली आणणारी मोठी शीर आहे, जुगुलर. जंतू तिच्यापर्यंत पोचला की आत रक्ताची गुठळी धरते, आणि ती गुठळी जंतूंनीच भरलेली असते. तिचे तुकडे सुटतात, हृदयाच्या उजव्या बाजूतून थेट फुप्फुसात जातात आणि तिथं छोटे-छोटे पुवाचे फोड करतात. म्हणून दुखणं घशातून सुरू होऊन खोकला आणि छातीवर येतं. कधी एखादा सांधा धरतो, कधी लिव्हरवर जातं. घसा दुखायला लागल्यापासून हे सगळं साधारण आठवड्याभरात घडतं. तोवर घसा बरा वाटत असतो, त्यामुळं दोन्हींचा संबंध कुणाच्या ध्यानातच येत नाही.

माझ्याकडं आलेल्या एका कॉलेजच्या पोराचं सांगतो. घसा दुखला म्हणून त्यानं मेडिकलमधून ॲझिथ्रोमायसिनचा तीन दिवसांचा कोर्स घेतला होता. या जंतूवर त्या औषधाचा भरवसा धरता येत नाही. घसा मोकळा झाला, ताप उतरला, मग पुन्हा दात वाजतील अशी थंडी. रिपोर्टमध्ये प्लेटलेट ६० हजार आणि टायफॉइडची विडाल तपासणी पॉझिटिव्ह. एका ठिकाणी डेंग्यू, दुसरीकडं टायफॉइड म्हणून सलाईन चालू होतं. घरी आजी मान लचकली म्हणून तेल लावून चोळत होती.

मी तोच कागद पुन्हा वाचला. पांढऱ्या पेशी १९ हजार होत्या. डेंग्यूत त्या बहुधा कमी होतात. अंगात सूज किंवा जंतुसंसर्ग असला की वाढणारं सीआरपी २०० च्या वर होतं, तेही डेंग्यूला शोभणारं नाही. प्लेटलेट डेंग्यूतच कमी होतात असं लोक धरून चालतात, पण रक्तात कुठलेही जंतू पसरले की त्या घसरू शकतात. विडालचं म्हणाल, तर आपल्या भागात एकाच वेळेच्या विडालवरून टायफॉइड ठरवू नये. मग मानेवर हात ठेवला. टॉन्सिलच्या गाठी जबड्याखाली, बहुधा दोन्ही बाजूंना असतात आणि बोटाखाली सरकतात. याला डाव्या जबड्याच्या कोनापासून मान वळवल्यावर उठणाऱ्या तिरक्या स्नायूच्या कडेनं खालपर्यंत दुखत होतं. नुसतं टेकलं तरी तो डोकं मागं घ्यायचा.

बेळगावला पाठवलं. तिथं आधी रक्ताचं कल्चर घेतलं, हवा लागणारे आणि न लागणारे अशा दोन्ही जंतूंच्या बाटल्यांत. हा जंतू उगवायला काही दिवस लागतात, म्हणून रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू केलं. डाय देऊन काढलेल्या मानेच्या आणि छातीच्या सीटीत शिरेतली गुठळी दिसली, फुप्फुसात ठिपके होते. सोनोग्राफीत कधी काही दिसत नाही, कारण जबड्यामागचा आणि कॉलरबोनखालचा भाग तिच्या टप्प्यात येत नाही. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे सुटलो असं म्हणता येत नाही.

उपचार शिरेतून द्यायच्या अँटिबायोटिकचे. एकतर सेफ्ट्रिॲक्सोनच्या जोडीला मेट्रोनिडाझोल, नाहीतर पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम. सगळे मिळून तीन ते सहा आठवडे, शेवटचे काही गोळ्यांवर. ताप उतरायलाच बरेच दिवस लागतात, तेव्हा दोन दिवसांत उतरला नाही म्हणून दवाखाना बदलू नका. रक्त पातळ करणारं औषध द्यायचं की नाही यावर डॉक्टरांचं एकमत नाही. गुठळी मेंदूकडं सरकत असेल तर देण्याकडं कल असतो. पुवाचा साठा झाला असेल तर तो काढावा लागतो. हा पोरगा बरा झाला, पण अशक्तपणा जायला महिने लागले.

आता तुमच्या भावाचं. मान चोळू नका, शेकू नका. उरलेल्या जुन्या गोळ्या देऊ नका. तापाला पॅरासिटामॉल चालेल, पण प्लेटलेट कमी असताना ॲस्पिरिन किंवा डायक्लोफेनाकचं इंजेक्शन नको. आ करता येत नसेल, आवाज जड झाला असेल किंवा लाळ गिळवत नसेल, तर टॉन्सिलच्या शेजारी पू साठल्याचा संशय असतो, आणि तो या आजारापेक्षा कितीतरी जास्त वेळा दिसतो. तेही सांगा. डेंग्यूची एनएस१ तपासणी अजून झाली नसेल तर तीही होऊ द्या. एक तपासणी दुसरीच्या आड येत नाही.

साध्या टॉन्सिलचा ताप तीन-चार दिवसांत उतरतो. चौथ्या-पाचव्या दिवशीही तो तसाच असेल, किंवा उतरून परत चढला, तर गोळी बदलून बघण्यापेक्षा पुन्हा तपासून घ्यायचं असतं. तुमचा भाऊ त्या टप्प्याच्या पुढं गेलाय.

कॅज्युअल्टीत गर्दी असते, डॉक्टर पाळीनं बदलतात, कुणी कन्नडमध्ये विचारतं, कुणी हिंदीत. म्हणून एका कागदावर तारखा लिहून न्या: घसा कधी दुखला, कुठल्या गोळ्या किती दिवस घेतल्या, ताप कधी उतरला, पहिली हुडहुडी कधी भरली, मान कुठल्या बाजूची दुखते. रिकामी पाकिटं आणि सगळे रिपोर्ट बरोबर असू द्या. आणि ‘टॉन्सिलनंतर मान दुखतेय, शिरेत गुठळी नाही ना ते बघाल का?’ असं स्पष्ट विचारा.