गाभडलेली म्हैस आणि घरातली गरोदर सून

वहिनी, खानापूरकडे पहिली म्हैस बांधलीत, छान. बाकी रोगांचं नंतर बघू, आधी ब्रुसेलोसिस समजून घ्या. हा जनावरांना गाभडवणारा आणि माणसांनाही लागणारा रोग आहे.

समजा, म्हैस सातव्या-आठव्या महिन्यात गाभडली. अशा वेळी लोक वार उघड्या हातानं ओढतात आणि उकिरड्यावर फेकतात, मग कुत्री ती गावभर नेतात. रोगाचे जंतू सगळ्यात जास्त असतात ते त्या वारेत, गर्भाच्या पाण्यात आणि मेलेल्या वासरात. म्हणून:

- गरोदर सून आणि पोरं गोठ्याकडे फिरकणार नाहीत. या रोगानं बाईचाही गर्भ पडू शकतो.
- हातमोजे आणि मास्क घालून सगळं खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, मग साबणानं हात धुवा. वार अडकली तर स्वतः ओढू नका, पशुवैद्यांना बोलवा. रक्ततपासणीही तेच करतील.
- पोरांना धारोष्ण दूध नाहीच. आजी रागावली तरी चालेल. उकळी आलेलं दूधच द्या.

म्हैस वरून धडधाकट दिसते, दूधही देते, त्यामुळे फसायला होतं. घरात कुणाला येऊन-जाऊन ताप, रात्री घाम, कंबरदुखी सुरू झाली, तर डॉक्टरांना म्हैस गाभडल्याचं आवर्जून सांगा. हा ताप काही आठवड्यांनीही येतो. रेडी झाली तर चौथ्या ते आठव्या महिन्यात लस टोचून घ्या.