उत्प्रेरक टाकल्यावर समतोल उजवीकडे का सरकत नाही?

प्रश्न: N₂ + 3H₂ ⇌ 2NH₃ समतोलात असताना त्यात लोखंडाचा उत्प्रेरक टाकला तर काय होईल? फॉरवर्डची ॲक्टिव्हेशन एनर्जी बॅकवर्डपेक्षा कमी असते, म्हणून तिला जास्त फायदा होईल असं धरून मी ‘समतोल उजवीकडे सरकेल’ लिहिलं. उत्तर चूक दिलंय. का?

उत्तर:

तुमची गफलत टक्केवारीत आहे. सोयीसाठी अभिक्रिया एकाच पायरीत होते असं समजू आणि आकडे मनाने घेऊ. फॉरवर्डची ॲक्टिव्हेशन एनर्जी 100 kJ धरा. अभिक्रिया साधारण 92 kJ उष्णता बाहेर टाकते, म्हणजे बॅकवर्डची 192 kJ झाली. उत्प्रेरकाने वाटेतला चढ 40 kJ ने उतरवला, तर फॉरवर्डची 60 आणि बॅकवर्डची 152 उरते. टक्क्यांत पाहिलं तर एकीकडे 40 टक्के घट आणि दुसरीकडे जेमतेम 21. इथेच फॉरवर्डला झुकतं माप मिळाल्यासारखं वाटतं.

पण वेग टक्क्यांवर ठरत नाही. अऱ्हेनियसच्या समीकरणात ॲक्टिव्हेशन एनर्जी घातांकात बसते, त्यामुळे वेग किती पट वाढेल हे फक्त किती kJ कमी झाले यावर अवलंबून असतं. 500 °C म्हणजे 773 K ला 40 kJ ची घट वेग e^(40000 / (8.314 × 773)) पट करते, म्हणजे सुमारे 500 पट. हे गणित 100 वरून 60 ला येताना जे उत्तर देतं तेच 192 वरून 152 ला येताना देतं. दोन्ही वेग 500 पट झाले, आणि K = k(फॉरवर्ड) / k(बॅकवर्ड) असल्याने वरचे 500 खालच्या 500 शी कटले. अभिकारकांची आणि अमोनियाची ऊर्जा उत्प्रेरकाने बदललीच नाही. बदलला तो मधला चढ, आणि तो दोन्ही बाजूंसाठी एकच आहे.

आता समतोलाच्या बाजूने पडताळा. 500 °C ला या अभिक्रियेचा Kc सुमारे 0.06 आहे. भांड्यात समतोलावर N₂ 1.5, H₂ 1.0 आणि NH₃ 0.30 mol/L असेल, तर

Q = (0.30)² / (1.5 × 1.0³) = 0.06

लोखंड टाकलं. यातला कुठला आकडा बदलला? एकही नाही. लोखंड स्थायू आहे, त्यामुळे Q च्या सूत्रात ते येतही नाही. Q अजूनही K इतकाच आहे, मग सरकायला कारणच उरत नाही. ‘बदल केला की समतोल कुठेतरी सरकणारच’ असं पाठ करणाऱ्यांनी हा पडताळा आवर्जून करावा. ले शातेलिएचं तत्त्व संहती, दाब, तापमान यांच्या बदलाबद्दल बोलतं. वेग वाढवण्याबद्दल काही सांगत नाही.

मिश्रण समतोलाला पोचायच्या आधीच उत्प्रेरक टाकला तर मात्र अमोनिया खरोखर वाढताना दिसेल. समजा वरच्याच भांड्यात तेव्हा तो 0.10 होता. उत्प्रेरकाशिवाय तो रेंगाळत 0.30 पर्यंत गेला असता, आता झपाट्याने जाईल, पण थांबेल 0.30 लाच. आलेखात रेषा लवकर सपाट होते, तीही त्याच उंचीवर. त्यामुळे प्रश्नात ‘समतोल साधल्यावर’ हे शब्द आहेत का, ते आधी पाहा.

‘उत्प्रेरकामुळे कारखान्यात उत्पादन वाढतं’ हे वाक्यही बरेचदा घोटाळा करतं. लोखंडामुळे 400 ते 500 °C ला पुरेसा वेग मिळतो. ते नसतं तर बरंच जास्त तापवावं लागलं असतं. अभिक्रिया उष्मादायी असल्याने तापमान वाढलं की K घटतो. म्हणजे जास्त अमोनिया मिळतो तो कमी तापमानामुळे. उत्प्रेरकाने त्या तापमानावर काम करणं परवडेल असं केलं, इतकंच.

एका प्रश्नात मात्र ‘उजवीकडे’ हे उत्तर बरोबर येतं, आणि तिथे नियमावर बोट ठेवून ‘बदल नाही’ लिहिणारे फसतात. ॲसिटिक ॲसिड आणि इथेनॉलपासून इथिल ॲसिटेट करताना K सुमारे 4 असतो. दोन्ही 1-1 मोल घेतले तर x²/(1−x)² = 4, म्हणजे x = 2/3 मोल एस्टर. संहत सल्फ्युरिक ॲसिडचे दोनचार थेंब घातले तर हे 2/3 जवळपास तसंच राहतं, फक्त लवकर मिळतं. पण तेच ॲसिड भरपूर ओतलं तर ते तयार होणारं पाणी धरून ठेवतं, Q हा K च्या खाली जातो आणि एस्टर वाढतो. इथे समतोल सरकवतं ते त्याचं पाणी शोषणं. म्हणून अशा प्रश्नात ॲसिड किती घातलंय ते वाचल्याशिवाय पर्यायावर खूण करू नका.