थर वाढवून बीमची ताकद दुप्पट होत नाही

प्रश्न: आमच्या गोदामाच्या स्लॅबखालच्या बीमला कार्बन फायबरची शीट चिकटवायची आहे. एका थराने ताकद किती वाढते, आणि दोन थर लावले तर दुप्पट होते का?

नाही, होत नाही. याच गोष्टीवरून लातूरच्या एका डाळ मिलच्या कामात माझा एका कंत्राटदाराशी कडाक्याचा वाद झाला होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या मजल्यावर तुरीच्या पोत्यांची थप्पी वाढवायची होती. बीम २३० बाय ४५०, खाली १६ मिमीच्या तीन सळया, काँक्रीट एम-२५. स्लॅब बीमसोबतच ओतलेला, त्यामुळे वरच्या दाबाची चिंता नव्हती. मूळ बीमची क्षमता साधारण ८७ किलोन्यूटन-मीटर निघाली आणि नव्या वजनाला १०५ लागत होती. मी २०० मिमी रुंद, ०.१६७ मिमी जाड शीटचा एकच थर सांगितला. कंत्राटदार मालकांना म्हणाला, "साहेब घाबरतात, आपण तीन थर मारू, तिप्पट पक्कं." मालकांना ते पटलं. माझं चुकलं असेल तर एवढंच, की त्या दिवशी मी कागद काढून त्यांना आकडे दाखवले नाहीत. ते आता दाखवतो.

शीट तुटायच्या कितीतरी आधी ती सुटते. बीमला जिथे तडा असतो तिथून सुरुवात होते आणि काँक्रीटचा वरचा एक-दोन मिलिमीटरचा पापुद्रा घेऊनच ती निघते. अमेरिकन काँक्रीट संस्थेच्या, म्हणजे एसीआयच्या, ४४०.२आर या मार्गदर्शिकेत ती सुटण्याच्या वेळचा ताण-विकार, म्हणजे शीट मूळ लांबीच्या किती पट ताणली गेली ते, असा काढतात:

```
εfd = 0.41 √( f'c / (n Ef tf) )
```

`f'c` म्हणजे काँक्रीटची सिलिंडरवरची ताकद, एम-२५ ला साधारण २०. `Ef` म्हणजे शीटचा ताठपणा, `tf` एका थराची जाडी आणि `n` म्हणजे थर. `n` वर्गमुळात, तोही छेदात बसलाय, सगळी गोम तिथेच आहे. एका थराला ०.००९४ मिळतो, दोन थरांना ०.००६६. म्हणजे फायबर दुप्पट घातलं, पण प्रत्येक धाग्याकडून काम कमी झालं. सगळे कपातीचे गुणक लावून पहिला थर साधारण २४ किलोन्यूटन-मीटर देतो, दुसरा वरून दहा, तिसरा सात-आठ. पैसे मात्र प्रत्येक थराला तेवढेच लागतात. ८७ मध्ये २४ मिळवले की १११ होतात. आमचं काम एकाच थरात भागत होतं.

त्यांनी तीन मारले, तेही प्लास्टर न काढता. पोती चढल्यावर दोन महिन्यांत एका बीमची शीट मधूनच लोंबायला लागली. मी शिडीवर चढून तिची मागची बाजू पाहिली. बोट फिरवलं तर सिमेंटची भुकटी हाताला लागली, खडीचा एक कणसुद्धा चिकटलेला नव्हता. नीट चिकटलेली शीट सुटते तेव्हा मागे काँक्रीटचे खरबरीत तुकडे घेऊन येते. हिने फक्त प्लास्टर आणलं होतं. बीम पडला नाही, कारण रोजचं वजन मूळच्या ८७ मध्ये बसत होतं.

मग पोती उतरवली, खाली टेकू दिले. वजन अंगावर असताना शीट लावली तर आधीच्या वजनात तिचा वाटा शून्य राहतो. प्लास्टर काढून खडी दिसेपर्यंत ग्राइंडर मारला, धूळ काढली, लोखंडी चकत्या चिकटवून ओढून पाहिल्या. चौरस मिलिमीटरला १.४ न्यूटनच्या पुढे, आणि तेही काँक्रीटमधून तुटलं पाहिजे. गोंदातून तुटलं तर काम थांबवायचं. मग एकच थर लावला आणि दोन्ही टोकांना इंग्रजी यू आकाराची पट्टी दिली, म्हणजे टोकाकडून सोलायला सुरुवात होत नाही. हे सकाळी लवकर उरकलं. आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारी कालवलेलं इपॉक्सी डब्यातच गरम होऊन घट्ट व्हायला लागतं.

आता तुमच्यासाठी. माझे आकडे माझ्या बीमचे आहेत, ते तसेच उचलू नका. शीटने वाकण्याची ताकद वाढते. आधाराजवळ तिरके तडे असतील तर तो कर्तनाचा वेगळा हिशेब आहे. सळई गंजून कव्हर फुगलं असेल तर आधी गंज काढा, नाहीतर शीटच्या आत तो फुगतच राहतो. आणि आग लागली तर इपॉक्सी साधारण ६० ते ८० अंशांतच मऊ पडतं. म्हणून शीट नाही असं धरून मूळ बीमने कायमच्या वजनाच्या १.१ पट अधिक चल वजन, म्हणजे साठवलेल्या मालाचं वजन, पूर्ण पेललं पाहिजे; ०.७५ पटीची सवलत गोदामाला नाही, कारण तिथे माल बराच काळ पडून असतो. ते बसत नसेल तर शीटच्या नादी लागू नका, काँक्रीटचं जॅकेट करा.

कंत्राटदार "एक थर फुकट देतो" म्हणाला तरी नको म्हणा. त्याऐवजी त्याच्याकडून चकती ओढण्याची चाचणी तुमच्यासमोर करून घ्या, आणि शीट वाळल्यावर नाण्याने सगळीकडे ठोकून बघा. जिथे पोकळ वाजेल तिथे खडूने गोल करून ठेवा आणि ती जागा दुरुस्त झाल्याशिवाय बिल देऊ नका.