फोटोत नियोजित इमारतीची उंची

रस्त्याच्या फोटोत नवी इमारत बसवायची आहे, उंची खरी कशी ठेवू?

शेजारच्या घराशी नजरेने जुळवू नका. ते दोन मीटर जरी पुढे असलं तरी फसगत होते. कॅमेरा ट्रायपॉडवर समतल ठेवून भिंगाची उंची मोजा, समजा १.६ मीटर. सपाट रस्त्यावर क्षितिजरेषा सगळीकडे जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर असते. नव्या इमारतीचा पुढचा कोपरा जिथे जमिनीला टेकणार, तिथून क्षितिजापर्यंत ८० पिक्सेल भरले, तर मीटरला ५० पिक्सेल. म्हणजे १२ मीटरचा तो कोपरा ६०० पिक्सेल. रस्ता चढाचा असेल तर हे गणित कोलमडतं. मग त्या कोपऱ्यावर मोजपट्टी उभी करूनच फोटो काढा. आणि खूप वाइड भिंग टाळा, त्याने कडेच्या इमारती ताणल्या जातात.