रात्री आलेला आपत्तीचा इशारा झोपेतही कळावा म्हणून

आधी फोन बघा. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये 'Wireless emergency alerts' शोधा. नाव थोडं वेगळं असू शकतं. आयफोनवर Notifications मध्ये अगदी तळाशी हे पर्याय सापडतात. सगळे चालू ठेवा. इशाऱ्याचा संदेश मोबाइल टॉवर परिसरातल्या सगळ्या फोनना एकदम पाठवतो, त्याला ना तुमचा नंबर लागतो ना इंटरनेट. म्हणूनच रात्री एअरप्लेन मोड लावून वाय-फाय चालू ठेवलं, तर गप्पांचे मेसेज येत राहतील, इशारा मात्र येणार नाही. नवशिके इथेच फसतात. घरात दोन कंपन्यांची सिमं असतील तर दोन्ही फोन उशाशी ठेवा, एकाचा टॉवर बंद पडला तर दुसरा असतो.

टॉवरच गेले तर रेडिओ. सेलवर चालणारा घ्या, पण सेल आत ठेवून विसरू नका. ते गळतात आणि पट्ट्या गंजतात. शेजारी पिशवीत ठेवा. स्थानिक केंद्राची फ्रिक्वेन्सी पट्टीवर लिहून रेडिओच्या पाठीला चिकटवा, अंधारात शोधत बसावं लागत नाही.

धोक्याचा भोंगा मुळात घराबाहेरच्या लोकांसाठी असतो. बंद खिडक्या आणि पंख्याच्या आवाजात तो ऐकू येईल हे गृहीत धरू नका. चाचणीच्या दिवशी दार लावून, झोपायच्या खोलीतूनच ऐकून बघा.