नवरात्राचा उपास, जळजळ आणि दसऱ्याची श्रीखंड-पुरी

प्रश्न: नवरात्रात नऊ दिवस उपास करते, चहाही सोडते. दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं, मग छातीत जळजळ सुरू होते आणि पोट दसऱ्यापर्यंत साफ होत नाही. दुपारी साबुदाण्याची खिचडी, संध्याकाळी वेफर्स, रात्री आरतीनंतर भगर आणि दाण्याची आमटी खाते. काय चुकतंय? उपास सोडायचा कसा?

उत्तर: मी फॅमिली डॉक्टर आहे. घटस्थापनेनंतर दोन-तीन दिवसांत अशा तक्रारी घेऊन बरेच जण येतात आणि बहुतेकांचं ताट तुमच्यासारखंच असतं.

आधी डोक्याचं. उपाशी राहणं आणि पाणी कमी पडणं यानेही डोकं दुखतं, पण तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय चहावर आहे. रोज तीन-चार कप पिणाऱ्याने एकदम बंद केला की साधारण बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं, दुसऱ्या दिवशी जास्त ठणकतं आणि मग हळूहळू उतरतं. म्हणून पितृपक्षाच्या शेवटच्या आठवड्यात दर दोन दिवसांनी एकेक कप कमी करत जा. तरीही दुखलंच आणि लिव्हरचा त्रास नसेल, तर पॅरासिटामॉल चालेल. अंगदुखीच्या इतर गोळ्या, म्हणजे आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक वगैरे, रिकाम्या पोटी घेऊ नका. जळजळ चालू असताना तर नकोच.

जळजळीचं कारण तुमच्या वेळापत्रकात दिसतं. दुपारपर्यंत काही नाही, मग तुपातली, दाण्याचं कूट आणि हिरवी मिरची घातलेली खिचडी; संध्याकाळी तळलेलं; रात्री उशिरा दाण्याची आमटी आणि लगेच अंथरूण. तेला-तुपाचं आणि दाण्यांचं जेवण पोटात जास्त वेळ रेंगाळतं. त्यावर आडवं झालं की आम्ल वर येतं. तेव्हा सकाळी नऊच्या सुमारास केळं किंवा राजगिऱ्याच्या लाह्या दुधात घ्या, रात्रीची भगर आरतीच्या आधी खा आणि झोपेपर्यंत दोन-तीन तास जाऊ द्या. आमटीऐवजी भगरीवर ताक घ्या, तेही आंबट नको. थंड दुधाने घटकाभर बरं वाटतं, पण जळजळ परत येते, त्यामुळे तो काही उपाय नव्हे.

आता पोट. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, चोथा नावालाच. भगरीतही फार नाही. नऊ दिवस पोळी, भाजी, उसळ सगळं बंद आणि पाणीही कमी, मग मल कोरडा होणारच. खिचडी एक दिवसाआड करा. मधल्या दिवशी राजगिऱ्याची भाकरी आणि लाल भोपळ्याची भाजी किंवा सालासकट उकडलेलं रताळं खा. काकडीची कोशिंबीर रोज असू द्या. तुमच्याकडे धान्यफराळ चालत असेल तर प्रश्नच मिटला, भाजलेल्या धान्याची भाकरी पोटाला साबुदाण्यापेक्षा कितीतरी बरी. (हे घरातल्या मोठ्यांना विचारा, डॉक्टरांना नाही.) रात्री आठ-दहा काळ्या मनुका भिजवून सकाळी पाण्यासकट घ्या. इसबगोल चालत असेल तर दोन चमचे, पण पेलाभर पाण्यात आणि वर आणखी पाणी. पाणी कमी पडलं तर ते आणखीनच अडतं.

उलटीत रक्त, डांबरासारखी काळी शी, किंवा छातीतलं दुखणं हात-जबड्याकडे जात असेल, तर तिथे उपासाचा विचार सोडून तडक दवाखाना गाठा. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर घट बसण्याआधीच डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या.

उपास सोडणं. तुम्ही नऊ दिवस काही ना काही खात होतात, त्यामुळे धान्याची भीती नाही. त्रास होतो तो एकदम तूप-तळण आणि भरल्या ताटाचा. आणि आपला दसरा नेमका श्रीखंड-पुरीचा! श्रीखंड सोडा असं मी म्हणणार नाही, क्रम बदला. सकाळी मनुका आणि कोमट पाणी. नैवेद्य झाल्यावर आधी मऊ भात, मुगाचं पातळ वरण आणि चमचाभर तूप, सोबत दुधी किंवा पडवळाची भाजी. त्यानंतर दोन पुऱ्या आणि वाटीभर नाही, दोन-तीन चमचे श्रीखंड. पोट अर्ध भरलेलं असल्याने आपोआप हात आखडतो. जेवून लवंडायचं नाही. रात्री मुगाच्या डाळीची सैल खिचडी, बस. दुसऱ्या दिवशी भाकरी आणि शिजवलेली पालेभाजी सुरू करा. हरभरा, वाटाणा, मटकीच्या उसळी मात्र तिसऱ्या दिवसावर टाका. इतके दिवस चोथा मिळाला नसेल, तर कडधान्यं एकदम आली की पोट फुगतं आणि लोक म्हणतात, उपास सोडला आणि गॅस सुरू झाला.