स्किझोफ्रेनिया आणि नोकरी: मालकाशी कोण बोलतं?

प्रश्न: भावाला स्किझोफ्रेनिया आहे. नोकरीसाठी आधी पूर्ण बरं व्हावं लागेल का? डॉक्टर मालकाला सगळं सांगतात का?

उत्तर: दोन्हींचं उत्तर 'नाही' असंच आहे. 'आयपीएस', म्हणजे 'इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट', ही गंभीर मानसिक आजार असलेल्यांना नोकरी मिळवायला आणि टिकवायला मदत करणारी पद्धत. तिच्यात काम करायची इच्छा हीच पात्रता. आधी लांबलचक प्रशिक्षण नाही. आवडीची, नेहमीच्या पगाराची नोकरी लगेच शोधायची आणि शिकायचं कामावरच.

मालकाशी बहुधा उपचार-टीममधला रोजगार तज्ज्ञ बोलतो, तोही भावाच्या परवानगीनेच. आजाराचं निदान सांगावंच लागतं असं नाही. समजा, रात्रीच्या गोळीने सकाळी गुंगी राहते, भाऊ रोज उशिरा पोचतो आणि मालकाला तो आळस वाटतो. तज्ज्ञ हे टीमला कळवतो. डॉक्टर गोळीची वेळ आणि मात्रा तपासतात, तज्ज्ञ मालकाकडे उशिराची पाळी मागतो. काय सांगायचं, काय नाही, हे मात्र भावाने आधीच लिहून द्यावं, असं मला मनापासून वाटतं.